विश्लेषण : फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजातली खरखर नेमकी येते कुठून?

रॉक गायकांच्या आवाजाविषयी लिहिताना विशेषणांची कमतरता कधीच नसते. ‘धारदार’, ‘घोगरा’, ‘काळजाला भिडणारा’, ‘चार सप्तकांचा’ वगैरे शब्द समीक्षेत ठरलेले असतात. पण तोच गायक एका ओळीत छातीतून ओरडल्यासारखा, दुसऱ्या ओळीत बासरीसारखा पातळ आणि तिसऱ्या ओळीत घशात वाळू सांडल्यासारखा कसा गातो, हे या विशेषणांतून कळत नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या आवाजाची मात्र मोजपट्टी लावून तपासणी झालेली आहे. रॉकमधील बेल्टिंग, फॉल्सेटो, खरखर आणि किंकाळी या चार तंत्रांपैकी सर्वाधिक गैरसमज खरखरीबद्दल आहेत आणि ते दूर करायला ही तपासणी बरीच मदत करते.

तपासणी कोणी आणि कशी केली?

फ्रेडी म्हणजे मूळचा फारूख बलसारा. जन्म १९४६ मध्ये झांझिबारचा, पारशी कुटुंबातला. शाळा पाचगणीच्या सेंट पीटर्सची. तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवत असे. १९९१ मध्ये त्याचे निधन झाले. त्यामुळे त्याच्या घशात कॅमेरा घालून पाहणे शक्य नव्हते. ऑस्ट्रियाचे ध्वनिसंशोधक ख्रिश्चन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग दुसरा मार्ग घेतला. त्यांनी फ्रेडीच्या मुलाखती, वाद्यांशिवाय ऐकू येणारे गायनाचे तुकडे आणि पूर्ण गाण्यांतून वेगळे काढलेले आवाजाचे ट्रॅक तपासले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातला पहिला निष्कर्ष चाहत्यांना थोडा खट्टू करणारा होता. सहा मुलाखतींमध्ये फ्रेडीच्या बोलण्याच्या आवाजाची मध्यवर्ती वारंवारिता ११७.३ हर्ट्झ निघाली. हा बॅरिटोन म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज. गाताना मात्र त्याची ओळख उंच पट्टीचा टेनर अशीच राहिली. त्याच्या गाण्यात सापडलेला पल्ला सुमारे ९२ हर्ट्झ ते ७८४ हर्ट्झ, म्हणजे ३७ अर्धस्वरांचा होता. एका सप्तकात १२ अर्धस्वर धरले, तर हे तीन सप्तकांहून जेमतेम एक अर्धस्वर जास्त भरते. ‘चार सप्तकांचा आवाज’ हे वर्षानुवर्षे छापले गेलेले वाक्य या मोजणीत टिकले नाही.

याने फ्रेडी लहान होत नाही. उलट सप्तके मोजून गायक मोठा ठरवण्याची पद्धतच किती पोकळ आहे, हे त्यातून दिसते. तीन सप्तकांचा पल्ला असलेले गायक अनेक आहेत. फ्रेडीचे वेगळेपण त्या पल्ल्यातल्या एकाच सुरावर तो कोणत्या पद्धतीने उभा राहायचा, यात आहे.

बेल्टिंग म्हणजे नुसते जोरात गाणे का नाही?

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. पुरुषांमध्ये त्यांची लांबी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर. फुप्फुसातून हवा वर आली की ते उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. ४४० हर्ट्झचा सूर लावला, तर ही उघडझाप एका सेकंदात ४४० वेळा होते. बेल्टिंगमध्ये हे तंतू बोलताना असतात तसे जाडच ठेवले जातात आणि प्रत्येक फेरीत ते उघडे राहण्यापेक्षा मिटलेले जास्त वेळ राहतात. हवेचा झोत त्यामुळे झटक्याने तुटतो आणि आवाजाला करकरीत धार येते. कुणाला लांबून हाक मारताना नेमके हेच घडते. फरक एवढाच, की हाक क्षणभराची असते आणि गायकाला ती सुरात धरून ठेवायची असते.

पण अर्धेच काम तंतूंचे आहे. उरलेले काम घसा आणि तोंड मिळून झालेल्या पोकळीचे. कोणत्याही सुरात मूळ वारंवारितेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारिताही असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. पोकळी यातल्या ज्या हार्मोनिकला साथ देईल, तो मोठा ऐकू येतो. बेल्टिंगची हातचलाखी अशी की दुसरा हार्मोनिक, म्हणजे सुराच्या दुप्पट वारंवारिता, पोकळीच्या पहिल्या अनुनादावर नेऊन बसवायची.

उदाहरण घेऊ. गायकाला ४४० हर्ट्झचा सूर बेल्ट करायचा आहे. दुसरा हार्मोनिक ८८० हर्ट्झला पडतो. प्रौढ पुरुष साधा ‘आ’ म्हणतो तेव्हा पहिला अनुनाद ७०० ते ७५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो ८८० पर्यंत चढवायचा, तर पोकळी आखूड आणि पुढून रुंद करावी लागते. म्हणून जबडा खाली जातो, तोंड कर्ण्यासारखे उघडते आणि स्वरयंत्र थोडे वर सरकते. रॉक गायकाचा वर गेल्यावर वासलेला जबडा हा निव्वळ अभिनय नसतो, तो याच गणिताचा भाग आहे.

‘ई’चे काय? ‘ई’चा पहिला अनुनाद ३०० हर्ट्झच्या आसपासच असतो. तो ८८० ला नेणे अशक्य. म्हणून उंच सुरावर ‘ई’ आला की गायक त्याला बेमालूम ‘ए’ किंवा ‘ॲ’कडे झुकवतो. शब्द कागदावर एक आणि कानावर दुसरा, हे रॉकमध्ये सर्रास आढळते आणि ते उच्चारांच्या आळसामुळे नसते. नवखा गायक मात्र शब्द स्पष्ट ठेवण्याच्या नादात ‘ई’ तसाच वर खेचतो. पोकळीची साथ तुटते, आवाज बारीक होतो आणि ती कसर भरून काढायला तो खालून हवेचा दाब वाढवतो. मान ताठ होते, शिरा फुगतात. घसा बसण्याची सुरुवात बहुधा इथून होते.

याच गणितात बेल्टिंगची मर्यादाही दडलेली आहे. आणखी वर, ५२३ हर्ट्झच्या ‘सी’वर गेले की दुसरा हार्मोनिक १०४६ हर्ट्झला जातो. पुरुषाच्या पोकळीला तिथवर पोहोचणे फार कठीण. त्यामुळे या टप्प्यावर गायकाला निर्णय घ्यावा लागतो आणि त्याची शैली बऱ्याच अंशी या निर्णयातच ठरते.

फॉल्सेटोची पळवाट

एक निर्णय म्हणजे फॉल्सेटो. इटालियन भाषेतल्या ‘खोटा’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. यात स्वरतंतू ताणून पातळ केले जातात, त्यांचा आतला स्नायू सैल पडतो आणि फक्त कडा थरथरतात. तंतू अनेकदा पूर्ण मिटतही नाहीत. हार्मोनिक कमी, धार कमी, हवा जास्त, म्हणून आवाज बासरीच्या जवळ जातो. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या ऑपेरासारख्या भागातला सर्वात उंच आवाज फ्रेडीचा नाही, ड्रमवादक रॉजर टेलरचा आहे. बँडमध्ये सर्वात वरचा फॉल्सेटो त्याचाच होता.

फ्रेडी स्वतः फॉल्सेटोचा वापर दोन कारणांसाठी करायचा. स्टुडिओत तो रंगासाठी असे. ‘समबडी टू लव्ह’मध्ये जोरकस ओळीनंतर अचानक पातळ झालेला आवाज कणखरपणा सोडून आर्जव करू लागतो. मंचावर मात्र तो बचावासाठी असे. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या, असे सांगितले जाते. ‘वी आर द चॅम्पियन्स’च्या मैफिलींतील ध्वनिमुद्रणे ऐकली, तर स्टुडिओत पूर्ण ताकदीने चढलेल्या जागा तो अनेकदा खालच्या सुरावर वळवतो किंवा फॉल्सेटोत उरकतो. रोज रात्री दोन तास गाणाऱ्याला हे करावेच लागते. त्याला ‘चुकवाचुकवी’ म्हणणारे चाहते इंटरनेटवर आजही भेटतात. त्यांनी एकदा सलग आठ रात्रींचा दौरा डोळ्यांसमोर आणावा.

खरखर कुठे तयार होते?

आता मुख्य प्रश्न. बहुतेकांची समजूत अशी, की रॉकमधली खरखर म्हणजे झिजलेल्या स्वरतंतूंचा आवाज. सिगारेट, दारू आणि जागरणांनी ‘घडलेला’ घसा ही तर रॉकमधली लाडकी दंतकथा. हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला सर्वात रोचक भाग या समजुतीला छेद देतो.

खऱ्या स्वरतंतूंच्या काही मिलिमीटर वर मऊ त्वचेच्या आणखी दोन घड्या असतात. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणता येईल. बोलताना त्या बाजूला असतात. घास गिळताना, खोकताना किंवा जड वस्तू उचलताना त्या जवळ येऊन श्वासमार्ग बंद करायला मदत करतात. गाण्यात त्यांचे काही काम नाही, असेच शास्त्रीय पद्धतीच्या पाश्चात्त्य गायनात शिकवले जाते.

फ्रेडीच्या काही सुरांच्या आलेखात संशोधकांना मूळ सुराच्या खालीही वारंवारिता दिसल्या. त्या कशा तयार होत असाव्यात, हे पाहण्यासाठी एका व्यावसायिक रॉक गायकाला त्या जागांची नक्कल करायला सांगितले गेले आणि त्याच वेळी त्याच्या घशात दुर्बीण घालून सेकंदाला ४ हजारांहून अधिक चित्रे टिपली गेली. चित्रांत दिसले ते असे : खरे स्वरतंतू तीनदा थरथरले की वरच्या खोट्या घड्या एकदा थरथरत. हे प्रमाण पक्के होते, ३ : १.

याचा कानावर होणारा परिणाम आकड्यांत पाहू. गायक ३०० हर्ट्झचा सूर लावतो आहे. खोट्या घड्या त्याच्या एक तृतीयांश वेगाने, म्हणजे १०० हर्ट्झने हलत आहेत. दर तिसरा झोत थोडा वेगळा बाहेर पडतो. त्यामुळे ३००, ६००, ९०० या नेहमीच्या रेषांच्या मध्ये १००, २००, ४००, ५०० अशा नव्या रेषा भरतात. कानाला सूर ३०० चाच लागतो, कारण तो ठळक असतो, पण त्याच्याखाली कुणीतरी गुरगुरत असल्याचा भास होतो. सूर बिघडत नाही, फक्त जाड होतो. मध्य आशियातल्या तुवा प्रांतातले कंठगायकही या घड्या वापरतात. त्यांच्या खर्जातल्या एका प्रकारात हे प्रमाण २ : १ असते आणि आवाज थेट एक सप्तक खाली गेल्यासारखा वाटतो.

या प्रयोगाची मर्यादा सांगायलाच हवी. कॅमेऱ्याने पाहिलेला घसा फ्रेडीचा नव्हता. दोन घसे एकसारखा आवाज वेगळ्या मार्गाने काढू शकतात. तरीही आलेख जुळत असल्याने हे स्पष्टीकरण सर्वाधिक पटणारे आहे. मुख्य म्हणजे, खरखर आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यातून दिसते.

ओळखायचे कसे? सर्वात सोपी खूण म्हणजे खरखर मध्येच बंद करता येते का. ज्याच्या खोट्या घड्या काम करत आहेत, तो सूर तसाच ठेवून खरखर काढून घेऊ शकतो आणि खालून स्वच्छ, गोल आवाज निघतो. पुन्हा हवी तेव्हा घालतो. ज्याची खरखर सुजलेल्या तंतूंमुळे आहे, त्याला हा पर्याय नसतो. हळू गाताना, विशेषतः वरच्या सुरांत, त्याचा आवाज सुरूच होत नाही, आधी नुसती हवा येते. जोर लावला की मात्र लागतो. म्हणजे ज्या गायकाला फक्त मोठ्यानेच गाता येते, त्याची खरखर शैली म्हणून गौरवण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

फ्रेडीच्या आवाजातली आणखी एक गोष्ट याच अभ्यासात मोजली गेली. लांब सुरावरचे त्याचे कंपन सेकंदाला सरासरी सात वेळा व्हायचे आणि तेही अनियमित होते. प्रशिक्षित ऑपेरा गायकांमध्ये ते यापेक्षा संथ आणि घड्याळासारखे एकसारखे असते. सातची गती जवळजवळ थरथरीच्या हद्दीत जाते. शास्त्रीय परीक्षेत हा दोष ठरला असता. इथे मात्र तो सही ठरला. दोन सेकंदांत आवाज ओळखू येतो, तो बहुधा यामुळेच.

मग किंकाळीचे काय?

‘किंकाळी’ या एकाच शब्दाखाली रॉकमध्ये दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली सुरातली. ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनने १९७० मधल्या ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गुणगुणण्यापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने आवाज किंकाळीपर्यंत नेला. ती किंकाळी असली, तरी स्वरलिपीत लिहून काढता येईल अशी आहे. तंतू फॉल्सेटोसारखे ताणलेले, पण घट्ट मिटणारे. अशी गाणी वयाबरोबर सोडावी लागतात. ताणण्याची लवचीकता कमी होते आणि गिलननेही पुढे हे गाणे मंचावर गाणे बंद केले.

दुसरी किंकाळी मेटल आणि हार्डकोअरमधली. तिथे सूर जवळजवळ नसतोच, उरतो तो आवाजाचा पोत. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’सारख्या बँडमध्ये ऐकू येणारा गुरगुराट याच कुळातला. इथे खोट्या घड्या सहायक न राहता मुख्य होतात, आणि खऱ्या तंतूंवरचा दाब जितका कमी तितके बरे. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी २००५ मध्ये ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही शिकवणीची डीव्हीडी काढली, तोपर्यंत हे शिकवता येते यावरच अनेकांचा विश्वास नव्हता.

‘लिंकिन पार्क’च्या चेस्टर बेनिंग्टनचे वैशिष्ट्य या दोन टोकांमधल्या ये-जा करण्यात होते. ‘गिव्हन अप’ या २००७ मधल्या गाण्यातली त्याची सुमारे १७ सेकंदांची किंकाळी प्रसिद्ध आहे. चर्चा नेहमी तिच्या लांबीची होते. खरी कमाल वेगळी आहे. अशा किंकाळीच्या गाण्यांच्या मधोमध तो स्वच्छ, कोवळा आवाज परत आणू शकत होता. वर सांगितलेली खूण इथेही लागू पडते.

बिघडते कुठे?

अनुभवी गायकही सुटत नाहीत. ‘एरोस्मिथ’च्या स्टीव्हन टायलरने उंच, खरखरीत किंकाळीवर अर्धे शतक काढले. २००६ मध्ये घशातली रक्तवाहिनी फुटल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दौऱ्यातले कार्यक्रम रद्द झाले. तो परतला. सप्टेंबर २०२३ मध्ये निरोपाच्या दौऱ्याच्या सुरुवातीलाच पुन्हा रक्तस्राव झाला. पुढे स्वरयंत्राला फ्रॅक्चर असल्याचेही सांगण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. रक्तवाहिनी फुटण्याचा धोका सावकाश वाढत नाही. एखाद्या सुरावर आवाज एकाएकी जातो. असे झाले तर त्या क्षणी गाणे थांबवून मौन पाळणे आणि डॉक्टर गाठणे, एवढेच हातात असते. कार्यक्रम कसाबसा पूर्ण करणे हा इथला सर्वात महागडा निर्णय.

गाठी मात्र सावकाश येतात, म्हणून त्या पकडता येतात. अमेरिकी स्वरतज्ज्ञ रॉबर्ट बास्टियन यांनी गायकांसाठी एक घरगुती चाचणी प्रचलित केली. वाढदिवसाच्या परिचित इंग्रजी गाण्याची पहिली ओळ शक्य तितक्या उंच पट्टीत आणि शक्य तितक्या हळू, अगदी कुजबुजल्यासारख्या पण सुरेल आवाजात म्हणायची. रोज सकाळ-संध्याकाळ ती कोणत्या सुरापर्यंत जमते, ते टिपून ठेवायचे. मोठ्या आवाजात सूज झाकली जाते, हळू आवाजात झाकता येत नाही. काल जमलेला सूर कार्यक्रमानंतर आज जमला नाही, तर सूज आहे. दोन दिवसांत परत आला, तर विश्रांती पुरली. मर्यादा खालीच राहिली किंवा घसा तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी लागते. खडीसाखर आणि ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, पण ते अन्ननलिकेत उतरतात. स्वरतंतूंना त्यांचा स्पर्शही होत नाही.

महाविद्यालयीन बँडमध्ये दोष अनेकदा तंत्राचा नसून खोलीचा असतो. लहानशा बंद खोलीत ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर पूर्ण ताकदीने सुरू असतात. गायकाकडे स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर नसतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, ही सहज प्रतिक्रिया आहे आणि ती इच्छेने रोखणे कठीण. मेटलमधल्या सरावलेल्या गायकाची किंकाळी माइकशिवाय ऐकली, तर ती अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघते. ओठ माइकला जवळजवळ टेकलेले असतात आणि उरलेले काम स्पीकर करतात. तालमीच्या खर्चात नव्या पेडलआधी गायकासाठी मॉनिटर घेतला आणि ड्रमच्या बाजूला एखादी जाड चादर टांगली, तर पुढच्या सहा महिन्यांत फरक त्या वाढदिवसाच्या ओळीतच ऐकू येईल.